शंका-समाधान : बिल भावाचं, भाजलेला हात पत्नीचा

प्रश्न : वास्तुशांतीला भावानं गिझर भेट दिला. चार महिन्यांत टाकी फुटली. पत्नीचा हात भाजला, बाथरूमचं छत उखडलं. कंपनी म्हणते, बिल तुमच्या नावावर नाही आणि वॉरंटीत फक्त गिझर बदलून मिळेल. भरपाई मागता येईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : मागता येईल आणि तुम्ही ती मागावीच. १९३२ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे असाच पेच होता. जिंजर बिअर घेतली मैत्रिणीनं, बाधली दुसरीला. करार नसला तरी उत्पादक जबाबदार ठरू शकतो, असा निकाल लागला. मात्र तिथे उत्पादकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागे.

आपल्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खरेदीदाराच्या संमतीनं वस्तू वापरणाराही ग्राहकच आहे. भावानं गिझर तुमच्या घरासाठीच दिला, म्हणजे तुमच्या पत्नी ग्राहक ठरतात. कलम ८४ नुसार निर्मितीत, रचनेत किंवा वापराच्या सूचनांमध्ये दोष असेल आणि त्यातून इजा झाली असेल, तर उत्पादक जबाबदार असतो. निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट त्यात नाही. वॉरंटी कार्ड हा विक्रीचा भाग आहे. पत्नीचा हक्क थेट कायद्यातून येतो.

एक फरक लक्षात ठेवा. या तरतुदीखाली शारीरिक इजा, तिच्यामुळे झालेला मानसिक त्रास आणि इतर मालमत्तेचं नुकसान मागता येतं. खुद्द गिझरची किंमत त्यात धरत नाहीत. ती सदोष वस्तू म्हणून वेगळी मागा.

आता खरी लढाई पुराव्याची. थर्मोस्टॅट अडकला तर कट-आउटनं वीज तोडायला हवी, आणि तोही चुकला तर सेफ्टी व्हॉल्व्हनं वाफ बाहेर सोडायला हवी. टाकी फुटली याचा अर्थ यातलं काहीतरी चाललं नाही, किंवा टाकीचं वेल्डिंगच कच्चं होतं. पण व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून प्लंबरनं त्याचं तोंड बंद केलं असेल, तर कंपनी तिथेच बोट ठेवेल. तेव्हा सोबतची पुस्तिका काढून पाहा. ठिबकणं स्वाभाविक आहे, तोंड बंद करू नका, असं त्यात ठळक लिहिलेलं नसेल तर अपुऱ्या सूचनेचा मुद्दा तुमच्या बाजूनं उभा राहतो.

म्हणून कंपनीच्या मेकॅनिकला फुटलेला गिझर नेऊ देऊ नका. बदल्यात नवा मिळेल, पण पुरावा जाईल. व्हॉल्व्हचे जवळून फोटो काढा, दवाखान्याची कागदपत्रं जपा, भावाकडून बिल आणि भेटीबद्दल दोन ओळी लिहून घ्या. तक्रार पत्नीच्या नावानं सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत करा. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या. तपासणीची फी तुम्हाला भरावी लागू शकते.