नंबर गेला, खातं कुणाचं?

माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी दुबईला गेला. पुण्याचं प्रीपेड सिम त्याने कपाटात ठेवलं आणि ते रिचार्जविना तसंच पडून राहिलं. पुढे एका दुपारी आईला एका मुलाचा फोन आला : "काकू, मी नवीन सिम घेतलंय. किराण्याचं ॲप उघडलं तर तुमच्या मुलाचं नाव येतंय. पत्त्याखाली तुमचा नंबर होता म्हणून फोन केला."

त्या मुलाने काहीही हॅक केलं नव्हतं. प्रीपेड नंबरवरून सलग 90 दिवस कॉल, मेसेज, डेटा यांतलं काहीच वापरलं नाही, तर कंपनीला तो नंबर बंद करता येतो. बंद झालेला नंबर आणखी निदान 90 दिवस पडून राहतो आणि मग नव्या ग्राहकाला मिळू शकतो. ॲपच्या लेखी मात्र ज्याच्या हातात नंबर, तोच माणूस. मुलाने ओटीपी टाकला आणि त्याच्यासमोर भावाचे दोन पत्ते, जुन्या ऑर्डरी आणि वॉलेटमधले पैसे उघडे पडले.

मुलगा सरळ होता म्हणून नुकसान झालं नाही. पण त्यानंतर भावाचं एकेक खातं तपासताना तीन प्रकारच्या लॉगिनमधला फरक मला नीट समजला.

निव्वळ ओटीपीवर चालणारी खाती सर्वांत अवघड निघाली. नंबर बदलण्यासाठी ॲपने जुन्या नंबरवरचाच ओटीपी मागितला. कस्टमर केअरला ओळखपत्र, जुन्या ऑर्डरींचे तपशील असं सगळं पाठवावं लागलं. ओटीपीत लक्षात ठेवण्यासारखं काही नसतं, हा त्याचा फायदा. पण अशा खात्याची मालकी शेवटी सिमवर ठरते. नंबर दुसऱ्याकडे गेला, कुणी तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं किंवा फोनवर गोड बोलून कोड विचारून घेतला, तर खातंही जातं.

'गूगलने साइन इन करा' हे बटण दाबून उघडलेल्या खात्यांना धक्का लागला नव्हता. प्रवासाच्या साइटवर भावाचा नंबर जुनाच होता, तरी तो दुबईतून सहज आत शिरला. या पद्धतीत साइटला तुमचा पासवर्ड कळत नाही. तुम्ही कोण आहात एवढी ग्वाही गूगल देतं. पण गूगलचं एक खातं म्हणजे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा. ते हातचं गेलं की त्यावर उघडलेलं सगळंच धोक्यात. म्हणून वैयक्तिक कामासाठी ऑफिसच्या ईमेलने असं साइन इन कधीच करू नये. नोकरी सुटली की तो ईमेल बंद होतो.

ईमेल आणि पासवर्डची खातीही टिकली. भावाने लॉगिन करून नंबर बदलला आणि काम झालं. फक्त एकच पासवर्ड त्याने बऱ्याच ठिकाणी वापरला होता. एखाद्या छोट्या साइटवरून तो फुटला, तर चोर तीच जोडी इतर साइटवर लावून बघतात. शिवाय 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की लिंक ईमेलवर येते. त्यामुळे या सगळ्या खात्यांचं खरं दार म्हणजे ईमेल. आणि भावाच्या ईमेलचा रिकव्हरी नंबर होता तोच पुण्याचा!

म्हणून आम्ही आधी तो बदलला. यात एक खाच आहे : रिकव्हरी नंबर बदलल्यावरही गूगल सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. म्हणजे हे काम जुना नंबर हातात असतानाच व्हायला हवं. त्यानंतर बँक, मग वॉलेट असलेली ॲप आणि शेवटी बाकीची, असा क्रम लावला.

आता कुणी विचारलं तर मी असं सांगते. ईमेलला स्वतंत्र, लांब आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवा. दुसरी पायरी म्हणून एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावा, कारण त्याचे कोड फोनमध्येच तयार होतात आणि सिमवर अवलंबून नसतात. फोन हरवला तर उपयोगी पडणारे गूगलचे बॅकअप कोड कागदावर उतरवून घरात ठेवा. किरकोळ साइटसाठी गूगलचं बटण चालेल. ओटीपीवाल्या ॲपमध्ये ईमेल जोडायची सोय असेल तर तो जोडा, आणि वॉलेटमध्ये जास्त पैसे ठेवू नका.

नंबर सोडायचाच असेल, तर आधी मेसेजमध्ये 'OTP' असं शोधा. कुणाकुणाकडे तो नंबर दिलाय याची बरीचशी यादी तिथेच मिळते. एकेका ठिकाणी नवा नंबर टाका, आणि यादी संपेपर्यंत जुन्या सिमचं रिचार्ज चालू ठेवा.