आजोबा आले, चष्मा हरवला

मुलांची वही तपासताना तुम्ही अक्षर पाहता, ऱ्हस्व-दीर्घ पाहता. आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल लिहिलेल्या वाक्यांतल्या क्रियापदांविषयी. इथे चुका होतात त्या बहुतेक वेळा निष्काळजीपणाने नव्हे. आजोबांना ‘अहो-जाहो’ करायचे हे मुलाला ठाऊक असते, म्हणून ते जपून लिहिते आणि नको तिथेही अनेकवचन लावून टाकते. म्हणून लाल रेघ मारण्याआधी ते कुठे गोंधळले ते शोधायला हवे.

समजा, चौथीतल्या मुलाने लिहिले आहे: “माझे आजोबा रोज पहाटे उठतात. काल ते शेतावर गेले होते. येताना त्यांनी पेरू आणले. आज त्यांना बरे वाटत नाहीत. त्यांचे चष्मा हरवले आहेत. म्हणून ते बाहेर गेले नाही.”

पहिली दोन वाक्ये बरोबर आहेत. पुढच्या वाक्यांसाठी एक सोपी कसोटी वापरा. ‘आजोबा’ काढून तिथे ‘मुलगे’ हा शब्द घाला आणि वाक्य मोठ्याने वाचा. एका आदरणीय पुरुषासाठी क्रियापद जे रूप घेते, तेच अनेक मुलग्यांसाठीही घेते. बाईमाणसासाठी ‘मुली’ घाला. मुली आल्या, तशा काकू आल्या. फक्त ‘मुले’ हा शब्द घेऊ नका. तो नपुंसकलिंगी आहे, ‘मुले आली’ असे होते आणि कसोटीच फसते.

आता शेवटचे वाक्य घ्या. “मुलगे बाहेर गेले नाही” हे कानाला लगेच खटकते. ‘गेले नाहीत’ हवे. मुलाने ‘गेले’ नीट लिहिले, पण आदर पहिल्याच शब्दात संपला असे त्याला वाटले. तो जोडून येणाऱ्या शब्दापर्यंत न्यावा लागतो: आले आहेत, बसले होते, येणार नाहीत. ही चूक डोळ्यांतून निसटते, कारण ‘पत्र आले आहे’ किंवा ‘पत्र आले नाही’ अशी वाक्ये आपण रोज बोलतो आणि ती बरोबरच असतात.

चष्म्याच्या वाक्यात गोष्ट उलटी आहे. “मुलग्यांचा चष्मा हरवला आहे” असेच आपण म्हणू. हरवला कोण? चष्मा. क्रियापद त्याच्यामागे जाते, आणि ‘त्यांचा’मधला शेवटचा ‘चा’सुद्धा चष्म्याचाच. आजोबांचा मान ‘त्यां’मध्ये आधीच राखला गेला आहे. “त्यांना बरे वाटत नाहीत” इथेही तसेच. ‘आजोबांना’ म्हटले की क्रियापद आजोबांना सोडून देते. त्यांना बरे वाटत नाही, ताप आला, भूक लागली.

सर्वांत अवघड जागा आहे ‘नी’ची. “आजोबांनी चहा घेतले” असे कितीतरी मुले लिहितात. भूतकाळात करणाऱ्याला ‘नी’ लागला आणि काय केले ते वाक्यात असले, की क्रियापद त्या वस्तूप्रमाणे बदलते: आजोबांनी चहा घेतला, पोळी खाल्ली, दोन पत्रे लिहिली. आदर दिसतो तो ‘आजोबांनी’मधल्या अनुस्वारात आणि ‘नी’त. ‘आजोबाने’ झाले की तो गेला. म्हणून या वाक्यांत क्रियापदाआधी तो अनुस्वार पाहा. आणि “पेरू आणले” हे बरोबर की चूक? ते मुलालाच विचारा. एकच पेरू असेल तर ‘आणला’, चार असतील तर ‘आणले’. आजोबांचा त्याच्याशी संबंध नाही.

राहिली आई. तिला बहुतेक घरांत आपण एकेरीतच बोलतो, बऱ्याच घरांत आजीलाही, आणि हल्ली काही घरांत बाबांनासुद्धा. “माझी आजी आली, तिने लाडू केले” यात व्याकरणाचा काहीच दोष नाही, अनादर तर नाहीच. तुमच्या घरची रीत मोडून मुलाला ‘माझ्या आजी आल्या’ लिहायला लावू नका. बाबा ‘आले’ आणि आई ‘आली’ ही वाक्ये एकाच निबंधात शेजारी चालतात. पण एका माणसासाठी एकदा जी रीत धरली, ती शेवटपर्यंत धरायला हवी. “काल आजी आली आणि त्यांनी मला गोष्ट सांगितली” असे वाचले, की आजीबरोबर आणखी कोणी आले होते का, असा प्रश्न पडतो. तो प्रश्न तसाच मुलाला विचारा. “नाही, आजीनेच सांगितली,” असे ते म्हणाले, की ‘त्यांनी’ खोडून ‘तिने’ तेच लिहील.