माती, गवत आणि हार्ड कोर्ट : गुणांकन एक की तीन?

प्रश्न : आमच्या गटात टेनिसपटूंचे एलो गुणांकन ठेवतो. प्रत्येक कोर्टासाठी वेगळी वही ठेवावी का?

उत्तर : ठेवावी, पण तिच्यावरच विसंबू नये. मातीवर चेंडू मंदावतो आणि उंच उसळतो, गवतावर तो खाली राहून सरकतो. म्हणूनच पीट सँप्रस 7 वेळा विम्बल्डन जिंकला, पण फ्रेंच ओपनची अंतिम फेरी त्याने कधी गाठली नाही.

अडचण सामन्यांच्या संख्येची आहे. गवताचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असतो. वर्षाला चार-पाच सामन्यांवर गुण ठरले, तर एखादा अनपेक्षित पराभवही आकडा भरकटवतो.

समजा, ‘अ’चे एकूण गुण 2000 आणि गवतावरचे 1800, तर ‘ब’चे दोन्हीकडे 1900 आहेत. एकूण गुण पाहिले तर गवतावरच्या सामन्यात ‘अ’च्या विजयाची शक्यता 64 टक्के दिसते, फक्त गवताचे पाहिले तर 36. दोन्हींची सरासरी काढली की लढत बरोबरीची ठरते.

सुरुवात अशा निम्म्या-निम्म्या वजनाने करा. गवतावरचे सामने फारच कमी असतील, तर एकूण गुणांचे वजन वाढवा. मागच्या हंगामाचे निकाल या अंदाजांशी ताडून पाहा, योग्य वजन त्यातूनच कळेल.