एनएलए चालू, तरी रात्रभर चुकीचे पासवर्ड?

प्रश्न : ऑफिसच्या विंडोज सर्व्हरवर एनएलए चालू आहे, तरी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये रात्रभर 4625 च्या नोंदी पडतात. असे का?

उत्तर : एनएलए पासवर्डचे अंदाज थांबवत नाही. ओळख पटेपर्यंत डेस्कटॉपचे सत्र उघडत नाही, एवढेच त्याचे काम. ते चालूच ठेवा. एनएलएमुळेच या नोंदींत लॉगऑन टाइप बहुधा १० ऐवजी ३ दिसतो. अंदाजांना लगाम घालते ते खाते-लॉकआउट. दहा चुकांनंतर दहा मिनिटे कुलूप लावले, तर एका खात्यावर दिवसाला जेमतेम १,४४० प्रयत्न होतात. लांब पासवर्डपुढे ते नगण्य. Administrator खात्याला मात्र हे कुलूप पूर्वी लागतच नसे. ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून `Allow Administrator account lockout` हे धोरण आले. ते चालू आहे ना, `secpol.msc` मध्ये पाहा.

यावर रास्त आक्षेप असा, की मग कोणीही मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून तुमचेच खाते बंद पाडेल. खरे आहे, आणि कुलूप कडक केले तर त्रास वाढतोच. म्हणून राउटरवरचे 3389 चे पोर्ट-फॉरवर्डिंग काढा आणि आत येण्याची वाट व्हीपीएनमधूनच ठेवा. दुसरा घटक, म्हणजे मोबाइलवरचा कोड, त्या व्हीपीएनवरच मागा. तो फक्त विंडोजच्या लॉगिन पडद्यावर मागितला, तर पासवर्डची तपासणी आधीच होऊन जाते आणि कुलूप पडतच राहते. पोर्ट बंद केल्यावरही 4625 येत राहिले, तर नोंदीतला सोर्स आयपी पाहा. तो ऑफिसमधलाच असला, तर एखाद्या संगणकात जुना पासवर्ड साठवलेला असू शकतो.