कल्ले कुठे थांबवायचे?

चि. बाळास,


तू खुर्चीमागे उभा राहायला लागलास, असं ताईकडून कळलं. कात्री आणि मशीन हातात बसायला वेळ लागत नाही. कल्ल्यांकडे मात्र नवे कारागीर फारच कमी लक्ष देतात. मागची बाजू, फेड, वरचे केस यांवर पाऊण तास जातो आणि कल्ले शेवटच्या दोन मिनिटांत कानाच्या मध्यावर कापून टाकले जातात. सगळ्यांना एकच माप. आरशात गिऱ्हाईक समोरून बघतं तेव्हा कान आणि गाल यांच्यामध्ये त्याला दिसतात ते हेच केस, आणि चेहरा रुंद वाटणार की निमुळता, हे बरंचसं तिथेच ठरतं.

चेहरा अरुंद की रुंद, हे नुसत्या नजरेने ठरवू नये. कपाळावर केस सुरू होतात तिथून हनुवटीच्या टोकापर्यंत एक माप घ्यावं आणि दोन्ही गालफडांच्या सर्वांत बाहेरच्या जागांमधलं दुसरं. पहिलं माप दुसऱ्याच्या साधारण दीडपट असेल तर चेहरा मध्यम. त्याहून बरंच जास्त असेल तर लांबट, अरुंद. बरंच कमी असेल तर रुंद. नव्या माणसाने फितीने मोजावं, त्यात लाज नाही. वर्षभरात डोळ्याला सवय होते.

अरुंद चेहऱ्याला आखूड कल्ले आणि रुंद चेहऱ्याला लांब, हा धंद्यातला जुना नियम आहे. तो खोटा नाही, पण अर्धाच आहे. कल्ल्याची लांबी ही तीनपैकी एकच गोष्ट. उरलेल्या दोन म्हणजे केस त्वचेपासून किती वर उभे राहतात ती जाडी, आणि खालची रेघ आडवी आहे की तिरकी. या तिन्हींचा मेळ बसला नाही तर नियम पाळूनही चेहरा बिघडतो.

ब्रॅडली विगिन्सचे 2012 सालचे फोटो काढून बघ. त्या वर्षी टूर द फ्रान्स जिंकणारा तो पहिला ब्रिटिश सायकलपटू. चेहरा लांब, अगदी सडपातळ, आणि कल्ले चांगले खालपर्यंत आलेले. नियमाप्रमाणे तो चेहरा आणखी ओढल्यासारखा दिसायला हवा होता. तसा दिसत नाही, कारण ते कल्ले दाट आणि रुंद आहेत. गालाच्या पोकळ जागेवर ते भर घालतात. तेच कल्ले बोटभर रुंदीचे आणि चपटे असते, तर दोन्ही बाजूंना दोन उभ्या पट्ट्या ओढल्यासारखे दिसले असते.

उलट बाजू एल्विस प्रेस्लीच्या फोटोंत सापडते. 1958 मध्ये तो सैन्यात गेला आणि भरतीच्या वेळच्या केशकर्तनात त्याचे प्रसिद्ध कल्ले गेले. आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवले की फरक कळतो. माणूस तोच, जबडा तोच, पण कल्ल्यांच्या काळ्या उभ्या रेघा गेल्यावर गाल भरल्यासारखे वाटतात. रुंद चेहऱ्याचे कल्ले उडवले तर काय होतं, हे त्या फोटोंइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही.

आता दुकानातलं एक उदाहरण सविस्तर सांगतो. कॉलेजातला एक मुलगा आला. चेहऱ्याची लांबी 21 सेंटिमीटर, रुंदी 13, म्हणजे दीडपटीच्या वर. कल्ले पाळीपर्यंत, एक नंबरने मारलेले, आणि कानशिलावर फेड इतका वर चढवलेला की कातडी दिसत होती. चेहरा आजारी माणसासारखा ओढलेला दिसत होता. त्याला वाटत होतं, वरचे केस चुकलेत. खरी चूक बाजूला होती. जिथे भर हवी तिथले केस काढून टाकले होते आणि जिथे नको तिथे बारीक पट्टी ठेवली होती.

अशा वेळी कापून एका दिवसात काही मिळत नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे पहिल्या खेपेला दोनच कामं झाली. कल्ले पाळीवरून उचलून कानाच्या भोकासमोरच्या उंचवट्यापर्यंत आणले आणि खालची रेघ सरळ आडवी घेतली, कारण आडवी रेघ नजर बाजूला नेते. कानशिलाला मशीन लावलं नाही. चार आठवड्यांनी तो परत आला तेव्हा तिथे तीन नंबरला, म्हणजे सुमारे 10 मिलिमीटरला पुरतील इतके केस आले होते. ते तेवढेच ठेवून, कंगव्यावर कात्री चालवून फक्त कडा सारख्या केल्या. गालफडांच्या पातळीवर चेहरा भरला.

रुंद चेहऱ्याला हेच उलट करायचं. कानशिलापासून कल्ला चपटा, एक किंवा दोन नंबरवर. रुंदी दोन सेंटिमीटरच्या आसपास, पुढची कड सरळ आणि स्वच्छ. लांबी पाळीच्या थोडी वर किंवा पाळीपर्यंत, आणि खालची रेघ किंचित तिरकी, पुढचं टोक जरा खाली. पाळीच्या खाली मात्र उतरू नये. तिथून जबड्याचा कोपरा सुरू होतो, रुंद चेहऱ्यात तीही रुंद जागा असते, आणि तिथे केस आले की सगळी मेहनत फुकट जाते. गिऱ्हाईकाच्या कल्ल्याला खाली विरळ वाढ असेल, मध्ये कातडी दिसत असेल, तर माप विसरून जिथपर्यंत दाट आहे तिथेच थांबावं. विरळ लांब कल्ल्यापेक्षा दाट आखूड कल्ला रुंद चेहऱ्यालाही बरा दिसतो.

दोन्ही बाजू सारख्या करताना सर्वांत जास्त नुकसान होतं. बहुतेकांचे कान एका उंचीवर नसतात. कानाला धरून मोजलं तर एक कल्ला वर, एक खाली येतो. माप डोळ्यांना धरून घ्यावं. गिऱ्हाईकाला सरळ समोर बघायला सांगायचं, मागे उभं राहून दोन्ही अंगठे कल्ल्यांच्या टोकांवर टेकवायचे आणि आरशात पाहायचं. मशीन जवळ आलं की माणूस नकळत मान कलती करतो, त्यामुळे प्रत्येक वेळी मान सरळ करूनच बघायचं. पहिली कापणी ठरलेल्या जागेच्या चार-पाच मिलिमीटर खाली. उजवा थोडा कापला, मग डावा, मग पुन्हा उजवा, असं करत कल्ले कानाच्या वर पोचलेली कितीतरी गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानांतून रागावून येतात. त्यांना बाहेर काढायला वाढीचे दीड-दोन महिने लागतात.

कुरळ्या केसांचे कल्ले ओले असताना कापू नकोस. सुकले की ते वर चढतात आणि ठरवलेली रेघ राहत नाही. चष्मेवाल्याला कापण्याआधी एकदा चष्मा घालून बसव. चष्म्याची दांडी कल्ल्याच्या वरच्या भागाला दाबते, म्हणून अरुंद चेहऱ्याला दिलेली भर तिथे नाहीशी होते. अशाला भर दांडीच्या खाली, कानाच्या मध्याजवळ ठेवावी लागते. रुंद चेहऱ्याच्या गिऱ्हाईकाला दोन आठवड्यांनी कल्ल्यांपुरतं यायला सांग, कारण चपटेपणा तेवढ्यातच जातो. अरुंद चेहऱ्याचं काम महिनाभर टिकतं. पुढच्या पत्रात, दाढी ठेवणाऱ्यांचे कल्ले दाढीत कसे मिसळायचे ते लिहीन.

तुझा,
मामा