गोळी दुप्पट, उतार मात्र थोडाच

प्रश्न : अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमने माझं एलडीएल १६० वरून १०० वर आलं. डॉक्टरांनी गोळी २० ची केली, तर फक्त ९१ झालं. असं का?

उत्तर : हे अपेक्षितच आहे. यकृत अ‍ॅसिटिल-कोएपासून कोलेस्टेरॉल बनवतं. त्या साखळीचा वेग एचएमजी-कोए रिडक्टेज हे एन्झाइम ठरवतं. स्टॅटिन नेमकं त्याच्याच सक्रिय जागेत अडकून बसतं. पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडलं, की एसआरईबीपी-२ नावाचं प्रथिन केंद्रकात जाऊन एलडीएल-ग्राहकांची जनुकं चालू करतं. हे ग्राहक रक्तातलं एलडीएल ओढून घेतात. खरा उतार येतो तो इथून, निव्वळ उत्पादन घटल्याने नव्हे.

पण तोच संदेश रिडक्टेजही वाढवतो, शिवाय ग्राहक नष्ट करणारं पीसीएसके-९ सुद्धा. म्हणून दर दुप्पट डोसमागे मूळ पातळीच्या साधारण ६ टक्केच जादा उतार मिळतो; तुमच्या १६० चे सुमारे ९ ते १०. आणखी उतार हवा असेल, तर आतड्यातलं कोलेस्टेरॉलचं शोषण रोखणाऱ्या एझेटिमाइबची जोड देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. डोस वाढल्यावर स्नायू दुखू लागले किंवा लघवी गडद झाली, तर लगेच कळवा.