पॉडकास्टला पाठवायचा तीन वाक्यांचा परिचय

शिक्षकमित्रांनो, पॉडकास्टचं बोलावणं आलं की आपण सभेत वाचतात तसा परिचय पाठवतो: एम.ए., बी.एड., 18 वर्षं सेवा, दोन पुरस्कार. मुलाखत कशावर घ्यायची, हे त्यातून निवेदकाला कळतच नाही. मग "तुमच्या प्रवासाविषयी सांगा" यातच वेळ जातो.

आता हा परिचय बघा:

"आजच्या पाहुण्या पहिली-दुसरीच्या मुलांना मराठी वाचायला शिकवतात. घ-ध, भ-म अशा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत कोण कुठे अडखळतं, हे त्या वहीत टिपतात आणि त्यावरूनच सराव ठरवतात. अशा वेळी आईबाबांनी घरी काय करावं, हे त्या सांगतील."

खरं वजन दुसऱ्या वाक्याचं. तिथे "विविध उपक्रम राबवतात" लिहिलंत, तर तोच परिचय गणिताच्या सरांनाही चालेल. म्हणजे विषय गेलाच! "मी" टाळलं, की निवेदकाला तो जसाच्या तसा वाचता येतो.

पाठवण्याआधी घरात कुणाला तरी वाचून दाखवा आणि विचारा, "पहिला प्रश्न काय विचारशील?" "मुलं घ-धमध्येच का गोंधळतात?" असं आलं, तर पाठवून द्या. "तुम्ही शिकलात कुठे?" असं आलं, तर दुसरं वाक्य पुन्हा लिहायला घ्या.